‘सध्या मी एकटाच राहतो’ : फ्रेंचमधल्या फसव्या मित्रांविषयी

तीन वाक्यांच्या एका पत्रामुळे हा लेख लिहावासा वाटला. पत्र माझे नव्हे. आमच्या इमारतीतला एक मुलगा उच्च शिक्षणासाठी फ्रान्समध्ये लिओं शहरी गेला आहे, त्याचे. तिथे एका वयस्क बाईंच्या घरात त्याने एक खोली भाड्याने घेतली आहे. जाण्यापूर्वी तो वर्षभर माझ्याकडे अधूनमधून येऊन बसत असे. मी काही फ्रेंचचा प्राध्यापक नव्हे. गेली वीस-बावीस वर्षे पुस्तके आणि शब्दकोश समोर घेऊन आपापली ही भाषा शिकतो आहे आणि शब्दांची कुळे-मुळे शोधण्याचा नाद आहे, एवढीच माझी पात्रता. तरीही अडचण आली तेव्हा त्याने मला फोन केला. “काका, मी बरोबर फ्रेंच लिहिलं, व्याकरण तीनदा तपासलं, तरी बाई भडकल्या. काय चुकलं?”

झाले होते ते असे. घरमालकीणबाईंनी त्याला लिहून कळवले होते, की तुमच्या खोलीतून रोज संध्याकाळी दोन माणसांच्या बोलण्याचे आवाज येतात अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे, आणि या महिन्याचे भाडेही अजून पोचलेले नाही. फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेली जागा मालकाच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्याला पोटभाड्याने देता येत नाही, तेव्हा बाईंना संशय येणे स्वाभाविक होते. खरी गोष्ट साधी होती. मुलगा रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलत असे आणि फोन स्पीकरवर ठेवून स्वयंपाक करत असे. दुसरे माणूस म्हणजे पुण्यात बसलेली त्याची आई. भाड्याचे पैसे भारतातून निघाले होते, बँकांच्या साखळीत कुठेतरी अडकले होते. त्याने उत्तर लिहिले :

“मादाम, झ स्वी कोंफ्यू. आक्त्युएलमाँ, झाबित सल. ल ल्वाये आरिव्हरा एव्हाँत्युएलमाँ सेत समेन.”

त्याला म्हणायचे होते : “बाई, मी गोंधळून गेलो आहे. खरे तर मी एकटाच राहतो. भाडे अखेर या आठवड्यात पोचेल.” बाईंनी वाचले ते असे : “बाई, मला फार ओशाळल्यासारखे झाले आहे. सध्या मी एकटाच राहतो. भाडे या आठवड्यात आले तर येईल.”

म्हणजे पहिल्या वाक्यात अपराधाची कबुली, दुसऱ्यात आत्ताआत्तापर्यंत कोणीतरी बरोबर राहत होते याची सूचना, आणि तिसऱ्यात भाड्याबद्दल हात वर. उलट टपाली बाईंनी विचारले, की मग आधी कोण राहत होते?

या पत्रात व्याकरणाची एकही चूक नाही. क्रियापदे बरोबर आहेत, शब्दांचा क्रम बरोबर आहे, तिन्ही वाक्ये फ्रेंच माणसाच्या तोंडी शोभतील अशी आहेत. फक्त त्यांचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातला नाही. मला या विषयातले सगळ्यात महत्त्वाचे मर्म इथेच दिसते. चुकीचे वाक्य ऐकणाऱ्याला खटकते, तो थांबतो, विचारतो, दुरुस्त करतो. पण चुकीच्या जागी पडलेले बरोबर वाक्य कोणालाही थांबवत नाही.

अशा शब्दांना फ्रेंचमध्ये ‘फोझामी’ म्हणतात, म्हणजे खोटे मित्र. १९२८ साली माक्सीम केसलेर आणि झ्यूल देरोकिन्यी या दोन फ्रेंच लेखकांनी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये अनुवाद करणाऱ्यांसाठी एक पुस्तक काढले. त्याच्या नावातच त्यांनी हा शब्दप्रयोग वापरला आणि इंग्रजी शब्दसंग्रहाने केलेल्या ‘विश्वासघातां’चा उल्लेख केला. तेव्हापासून तो रूढ झाला. पुस्तक फ्रेंचांच्या बाजूने लिहिलेले असल्याने त्यात फसवणारी भाषा इंग्रजी होती. इंग्रजीच्या दारातून फ्रेंचमध्ये शिरणाऱ्या आपल्यासारख्यांना तोच खोटा मित्र उलट्या बाजूने भेटतो.

इथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. वर देवनागरीत लिहिलेले ‘आक्त्युएलमाँ’ आणि आपल्या ओळखीचे ‘ॲक्च्युअली’ यांत एवढे साम्य ते कोणते? कानाला फारसे नाहीच. पण रोमन लिपीत दोन्ही शब्द शेजारी ठेवले, की पहिली चार अक्षरे तीच, मग एका स्वराचा फरक, मग जोडून आलेला दुहेरी एल, आणि शेवटी दोन्ही भाषांचे क्रियाविशेषणाचे प्रत्यय. इंग्रजीत वाय, फ्रेंचमध्ये ‘माँ’. ‘इव्हेंच्युअली’ आणि ‘एव्हाँत्युएलमाँ’ यांचेही तेच. हे शब्द डोळ्यांचे मित्र आहेत, कानाचे नव्हेत. म्हणून बोलून भाषा शिकणारे मूल यात अडकत नाही. पुस्तकावरून शिकणारा प्रौढ हमखास अडकतो. मी स्वतः अडकलो होतोच.

आता हे दोन शब्द वेगळे कसे झाले ते पाहू. दोघांचे मूळ एकच, लॅटिनमधले ‘आक्तुस’, म्हणजे कृती. मध्ययुगातल्या लॅटिन पंडितांनी ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाची मांडणी करताना एक जोडी वापरली : जे केवळ संभाव्य आहे ते, आणि जे प्रत्यक्षात उतरले आहे ते. बी म्हणजे संभाव्य झाड, समोर उभे असलेले झाड प्रत्यक्ष. या प्रत्यक्षतेसाठी त्यांनी ‘आक्तुस’ घेतला आणि त्यावरून ‘आक्तुआलिस’ हे विशेषण वापरले. ते फ्रेंचमध्ये ‘आक्त्युएल’ झाले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या काही शतकांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत गेले, त्यांत चौदाव्या शतकाच्या सुमारास हाही गेला. तेव्हा दोन्हीकडे अर्थ जवळजवळ एकच होता : प्रत्यक्षात असलेले, कृतीत उतरलेले.

त्या काळाची एक खूण अजून शिल्लक आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षणात माणसाच्या वाट्याला जन्मतःच येणारे मूळ पाप आणि त्याने स्वतः कृतीने केलेले पाप असा भेद करतात. या दुसऱ्या पापाला फ्रेंचमध्ये आजही ‘पेशे आक्त्युएल’ आणि इंग्रजीत ‘ॲक्च्युअल सिन’ म्हणतात. इथे दोन्ही शब्द अजून एकमेकांचे खरे मित्र आहेत. हा प्रयोग धर्मशास्त्राच्या कपाटात बंद राहिल्यामुळे तसाच टिकला. बाहेर रोजच्या बोलण्यात मात्र वाटा फुटल्या. जे प्रत्यक्षात आहे ते आत्ता आहे, असा धागा धरून फ्रेंच शब्द वेळेकडे सरकला आणि त्याचा अर्थ ‘सध्याचा, चालू’ असा झाला. बातम्यांना फ्रेंचमध्ये ‘आक्त्युआलिते’ म्हणतात ते यामुळेच. जे प्रत्यक्षात आहे ते खरे आहे, असा धागा धरून इंग्रजी शब्द सत्याकडे सरकला. कल्पनेच्या, अंदाजाच्या किंवा अफवेच्या विरुद्ध जे असेल ते ‘ॲक्च्युअल’.

या वाटणीत एकटी पडली ती इंग्रजी. स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या फ्रेंचच्या बहिणी, आणि जर्मनदेखील, या सगळ्या भाषांत हा शब्द ‘सध्या’ याच बाजूला आहे. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या माणसाला ‘आक्त्युएलमाँ’ कधी नडला नसता, कारण त्याच्या ओळखीचा पोर्तुगीज शब्द नेमका हेच सांगतो. नडतो तो इंग्रजी माध्यमातून येणाऱ्यालाच.

वाक्यात हा शब्द चुकीचा पडला आहे हे कळायचे कसे? एक सोपी खूण आहे ती काळाची. ‘ॲक्च्युअली मला कळलं नव्हतं’ हे कोणी फ्रेंचमध्ये ‘आक्त्युएलमाँ’ने सुरू केले, तर ऐकणाऱ्याला ‘सध्या मला कळलं नव्हतं’ असे ऐकू येईल. सध्याचा आणि भूतकाळाचा मेळ बसत नाही, वाक्य मोडते, आणि शिकवणारा लगेच लाल खूण करतो. ही चूक निरुपद्रवी. खरा धोका वर्तमानकाळात आहे, कारण वर्तमानकाळाशी ‘सध्या’ छान जुळते आणि वाक्य मुळीच मोडत नाही.

आपल्याकडच्या माणसाला फ्रान्समध्ये हमखास लागणारे वाक्य घ्या. जेवणाचे आमंत्रण असते, यजमान मांसाचे ताट पुढे करतात, आणि पाहुणा संकोचून म्हणतो, “आक्त्युएलमाँ, झ स्वी व्हेझेतारियँ.” त्याच्या मनात आहे, “ॲक्च्युअली मी शाकाहारी आहे हो.” यजमानांना ऐकू येते, “सध्या मी शाकाहारी आहे.” ते समजतात, वैद्याने काही दिवस पथ्य सांगितले असेल, किंवा नुकताच काही प्रयोग चालला असेल. ते हसून मान डोलावतात. आणि पुढच्या वेळी बोलावतात तेव्हा विचारतात, काय, अजून चालूच आहे का ते? पाहुण्याला प्रश्नच कळत नाही. दोघेही सभ्य, दोघांचेही फ्रेंच बरोबर, आणि गैरसमज मात्र वर्षभर टिकू शकतो.

पत्रातल्या तिसऱ्या वाक्यातल्या ‘एव्हाँत्युएलमाँ’ची गोष्ट याच घाटाची आहे. मूळ लॅटिनमध्ये, अर्थ बाहेर येणे, घडून येणे. त्यावरून घटना, परिणाम. समजा, एखादी गोष्ट घडायची आहे आणि तिच्या अलीकडे एक माणूस उभा आहे, पलीकडे दुसरा. अलीकडच्याला दिसते ते असे : काय घडेल कोण जाणे, घडले तर घडले. पलीकडचा मागे वळून म्हणतो : सगळे होऊन अखेर हे असे घडले. फ्रेंच शब्द घटनेच्या अलीकडे उभा राहिला आणि त्याचा अर्थ ‘कदाचित, तशी वेळ आली तर’ असा झाला. इंग्रजी शब्द पलीकडे गेला आणि त्याचा अर्थ ‘शेवटी’ झाला. म्हणून आपल्या विद्यार्थ्याचे ‘भाडे अखेर येईलच’ हे आश्वासन बाईंच्या हाती पडेपर्यंत ‘आले तर येईल’ झाले. आश्वासनाचा बरोबर उलट अर्थ.

फ्रेंच सरकारी अर्जांत हा शब्द वरचेवर येतो. जोडायच्या कागदपत्रांच्या यादीत एखाद्या कागदापुढे ‘एव्हाँत्युएलमाँ’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ आपल्या अर्जांतले ‘असल्यास’ किंवा ‘लागू असल्यास’. इंग्रजीतून विचार करणारा माणूस ते ‘शेवटी जोडा’ असे वाचतो आणि नसलेला कागद मिळवण्यासाठी धावाधाव करतो, किंवा तो कागद नंतर दिला तरी चालेल असे समजून असलेलाही जोडत नाही.

हाच घोटाळा उलट दिशेनेही चालतो, आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून फ्रेंच लोकांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फ्रेंच सहकारी इंग्रजीत लिहितो, ‘वुई विल इव्हेंच्युअली सेंड ॲन इंजिनीअर’. आपण इंजिनीअरची वाट पाहत बसतो. त्याने पाठवीन असे म्हटलेलेच नसते. गरज पडली तर पाठवू, एवढेच त्याच्या मनात असते. तो ‘ॲक्च्युअल प्राइस’ लिहितो तेव्हा ती खरी किंमत असेल असे नाही, ती आजची चालू किंमत असते. अशा वेळी शब्दावर भरवसा न ठेवता तारीख विचारावी. कोणत्या दिवशी येणार, असे विचारले की ‘कदाचित’ आणि ‘शेवटी’ यांतला फरक आपोआप उघडा पडतो.

पहिल्या वाक्यातला ‘कोंफ्यू’ तुलनेने लहान मासा. इंग्रजी ‘कन्फ्यूज्ड’ गोंधळलेला असतो. फ्रेंच माणूस ‘झ स्वी कोंफ्यू’ म्हणतो तेव्हा तो ओशाळलेला असतो, आपल्या हातून काही गैर झाले याची त्याला लाज वाटत असते. विसरलेल्या भेटीबद्दल माफी मागताना हे वाक्य अगदी शोभून दिसते. ज्याने काही केलेलेच नाही त्याने संशयाला उत्तर देताना ते लिहिले, की कबुलीजबाब होतो.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. मी त्याला बाईंचे मूळ पत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा कळले की घसरण त्याच्या उत्तराच्या आधीच सुरू झाली होती. बाईंनी लिहिले होते, की भाडे ‘दाँझँ देले द वी झूर’ भरावे. यातला ‘देले’ त्याने ‘डिले’ असा वाचला. आठ दिवसांचा उशीर बाईंना चालणार आहे, म्हणजे आठ दिवस उलटून गेल्यावर भरले तरी हरकत नाही, असा अर्थ त्याने काढला आणि निश्चिंत राहिला. फ्रेंच ‘देले’ म्हणजे मुदत. बाईंचे म्हणणे होते, आठ दिवसांच्या आत भरा. उशिराला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे, ‘रतार’.

आणि याच वाक्यात मला एक गंमत सापडली. ‘वी झूर’ म्हणजे शब्दशः आठ दिवस. फ्रेंच माणूस मंगळवारी ‘आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा त्याला पुढचा मंगळवार अभिप्रेत असतो, बुधवार नव्हे. इंग्रजीच्या हिशेबाने हे सात दिवस झाले, म्हणून इंग्रजीतून शिकणारा चक्रावतो. मराठी माणसाला चक्रावण्याचे कारणच नाही. आपणही ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्यातला तोच वार धरतो. आठवडा या शब्दातच आठ आहे. दोन्ही टोकांचे वार मोजायची ही रीत दोन्हीकडे सारखीच. फ्रेंच लोक दोन आठवड्यांना ‘कँझ झूर’ म्हणतात, म्हणजे पंधरा दिवस. आपणही पंधरा दिवसच म्हणतो. आपल्या विद्यार्थ्याने ते वाक्य मनातल्या मनात मराठीत वाचले असते तर निदान मुदतीचा दिवस तरी बरोबर कळला असता. त्याने ते इंग्रजीत वाचले.

इथून माझा विचार वेगळ्या दिशेने जाऊ लागला. फसवा मित्र हा मुळात मराठी आणि फ्रेंच यांच्यामधला नाहीच. ‘सध्या’ आणि ‘आक्त्युएलमाँ’ यांत काही साम्य नाही, म्हणून त्यांच्यात फसवणूकही नाही. फसवणूक होते ती मधल्या दुभाष्याकडून, आणि तो दुभाष्या आपण स्वतःच बरोबर घेऊन जातो. आपल्याकडची फ्रेंचची पुस्तके, वर्ग, शब्दकोश बहुधा इंग्रजीतून असतात. शब्द इंग्रजीतून घेणे सोयीचे आहे यात शंका नाही, कारण दोन्ही भाषांतले शेकडो समान शब्द प्रामाणिक आहेत आणि वर्षभराचे पाठांतर वाचवतात. त्या प्रामाणिक शब्दांमुळेच आपण बेसावध होतो.

एकाच मुळातून आलेला शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो, हा अनुभव मराठी माणसाला खरे तर नवा नाही. संस्कृत ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. उच्चारशास्त्र शिकवणाऱ्या वेदांगाचे नावही शिक्षा. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षणच राहिले. मराठीत शिकवण देता देता छडीही आली आणि शब्द छडीकडेच राहिला. दिल्लीच्या बातम्यांतले ‘शिक्षा मंत्री’ ऐकून आपल्याकडची मुले हसतात ती यामुळे. तसेच ‘संसार’ हिंदीत जग आहे, मराठीत घरसंसार. लॅटिनने फ्रेंच आणि इंग्रजीला जे दिले, तेच संस्कृतने हिंदी आणि मराठीला दिले : एकच वारसा, वाटणीनंतर वेगवेगळ्या उपयोगाला आलेला. हिंदीशी बोलताना आपण जी सावधगिरी लहानपणापासून शिकलो, तीच फ्रेंचमध्ये न्यायची आहे.

म्हणून मी त्या मुलाला एक साधी सवय लावायला सांगितली. फ्रेंच वाक्य लिहिण्यापूर्वी ते एकदा मराठीत म्हणायचे, आणि त्यातल्या मराठी शब्दासाठी फ्रेंच शब्द शोधायचा. ‘सध्या’ म्हणायचे असेल तरच ‘आक्त्युएलमाँ’. ‘असल्यास’ किंवा ‘जमलं तर’ म्हणायचे असेल तरच ‘एव्हाँत्युएलमाँ’. पण फोनवर त्याने लगेच मराठीत म्हटलेले वाक्य असे होते : “काका, ॲक्च्युअली मी एकटाच राहतो ना!” अडचण इथे आहे. आपल्या बोलण्यातून ‘खरं तर’ हळूहळू निघून चालले आहे आणि त्याची जागा इंग्रजी शब्दाने घेतली आहे. मराठीची वाट धरली तरी ती मध्येच इंग्रजीच्या अंगणातून जाते. तेव्हा आधी त्याला ‘ॲक्च्युअली’ मराठीतच सोडवून घ्यावे लागले.

ते सोडवताना लक्षात येते, की हा एक शब्द निदान तीन वेगळी कामे करतो आणि मराठीत त्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. फ्रेंचमध्येही आहे. समोरच्याची समजूत दुरुस्त करायची असेल तर आपण ‘खरं तर’ म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘आँ फेत’. “ॲक्च्युअली असं म्हणाला तो?” या प्रश्नात आश्चर्य आहे, आपण ‘खरंच’ म्हणू. फ्रेंचमध्ये ‘व्रेमाँ’. आणि उपाहारगृहात कॉफी सांगितल्यावर मत बदलून “ॲक्च्युअली चहाच द्या” म्हणतो तेव्हा मराठीत ‘नको, राहू दे, चहाच द्या’ असे येते. फ्रेंच माणूस तिथे ‘फिनालमाँ’ वापरतो. या ‘फिनालमाँ’त पुन्हा खड्डा आहे, कारण तो ‘फायनली’सारखा दिसतो आणि ‘हुश्श, एकदाचे झाले’ असा सुटकेचा सूर आपण त्यात ऐकतो. तो सूर दाखवायला फ्रेंचमध्ये बहुधा ‘आँफँ’ येतो. ‘फिनालमाँ’त बहुतेक वेळा ‘सगळा विचार करता’ एवढेच असते.

सावध राहायची आणखी एक जागा म्हणजे ‘आँ फेत’ आणि ‘आँनेफे’ ही जोडी. एकाच्या नादात दुसरा तोंडून निघतो. ‘आँ फेत’ समोरच्याचे म्हणणे दुरुस्त करतो, ‘आँनेफे’ त्याला दुजोरा देतो. बाई म्हणाल्या, तुमच्या खोलीत दोघे राहतात. यावर ‘आँनेफे’ने सुरुवात केली तर अर्थ होतो ‘हो, खरे आहे’. आधीच्या पत्रानंतर हे परवडणारे नव्हते. दोन्ही शब्द फ्रेंचच असल्याने इथे इंग्रजीला दोष देता येत नाही, आणि मराठीचा उपायही अर्धाच चालतो. ‘खरं तर’ आणि ‘खरंच की’ यांतला फरक मनात धरून ठेवायचा, एवढेच करता येते.

मग आम्ही फोनवरच दुसरे पत्र लिहिले. तेही तीनच वाक्यांचे :

“मादाम, झ न कोंप्राँ पा बियँ व्होत्र रप्रोश. आँ फेत, झ व्ही सल इसी दप्वी ल प्रमिए झूर. ल ल्वाये आरिव्हरा साँ फोत आव्हाँ व्हाँद्रदी.”

अर्थ : “बाई, आपली तक्रार मला नीटशी समजली नाही. खरे तर पहिल्या दिवसापासून मी इथे एकटाच राहतो. भाडे शुक्रवारच्या आत न चुकता पोचेल.” खाली आईच्या फोनचा खुलासा जोडला.

या तीन वाक्यांकडे जरा निरखून पाहावे. दुसऱ्या वाक्यात फ्रेंच क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, जसे आपण ‘पहिल्या दिवसापासून राहतो’ म्हणतो. इंग्रजीत इथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ अशी वेगळी रचना लागते आणि इंग्रजीतून आलेला विद्यार्थी फ्रेंचमध्येही भूतकाळाकडे झुकतो. तिसऱ्या वाक्यातला ‘साँ फोत’ शब्दशः ‘चुकीवाचून’ असा आहे, म्हणजे आपले ‘न चुकता’. एवढा जवळचा नातेवाईक मराठीत बसलेला असताना आपण तो इंग्रजीत शोधत होतो. मराठी आणि फ्रेंच यांचे असे जुळणारे साचे मी आता एका वहीत टिपून ठेवतो. त्यांत अगदी अलीकडे ‘रेस्ते’ची भर पडली. इंग्रजी ‘रेस्ट’ पाहून विश्रांती आठवते, पण फ्रेंच ‘इल रेस्त द झूर’ म्हणजे ‘दोन दिवस राहिले’, आणि ‘घरी राहा’ यातले राहणेही तेच क्रियापद. मराठी ‘राहणे’ जसे मुक्कामाला आणि शिल्लकीला दोन्हींना चालते, तसेच हे.

अर्थात मराठी ही काही हुकमी किल्ली नव्हे. अनेक ठिकाणी ती लागतच नाही, आणि तिथे फ्रेंच-फ्रेंच शब्दकोश उघडून त्यातले वाक्य वाचण्याला पर्याय नाही. इंग्रजी अर्थ देणाऱ्या कोशात आपण ओळखीचा शब्द शोधतच नाही, कारण तो येतो अशी खात्री असते. मी स्वतःसाठी नियम केला आहे, की जो फ्रेंच शब्द पहिल्या भेटीतच कळला असे वाटेल, तो कोशात आधी पाहायचा. कठीण शब्द नंतर.

बाईंचे उत्तर चार दिवसांनी आले. भाडे पोचले होते. पत्र दोन ओळींचेच होते : खुलाशाबद्दल आभार, आणि आईंना माझा नमस्कार कळवा, पण रात्री दहानंतर आवाज थोडा कमी ठेवा. ते वाचून दाखवताना मुलगा म्हणाला, “काका, ॲक्च...” आणि थांबला. “खरं तर,” तो म्हणाला, “बाई चांगल्या आहेत.”